चाळीस थेंबांचा हिशेब

आदरणीय डॉक्टर,

मी वीस वर्षांचा आहे आणि वसतिगृहात राहून अभ्यास करतो. चौदाव्या-पंधराव्या वर्षापासून हस्तमैथुनाची सवय होती. चार महिन्यांपूर्वी मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला. चाळीस थेंब रक्तापासून वीर्याचा एक थेंब बनतो आणि ते वाया घालवणारा आतून पोकळ होतो, असं त्यात सांगितलं होतं. त्या दिवशी सवय सोडली. आता रात्री झोपेत वीर्य जातं. सकाळी अंगात त्राण नसतं, कंबर दुखते, छाती धडधडते, वाचलेलं लक्षात राहत नाही. लघवीतून पांढरं जातं, म्हणजे धातूच जात असणार. वीर्य पाण्यासारखं पातळ झालं आहे. मित्राच्या ओळखीने एक चूर्ण घेतोय, फरक नाही. दोन महिन्यांच्या नोंदींची वही आणि रक्त-लघवीचा रिपोर्ट यांचे फोटो सोबत जोडले आहेत. घरी सांगू शकत नाही. माझं झालेलं नुकसान भरून येईल का? मी लग्नाच्या लायक राहीन का?

— नाव छापू नका

प्रिय मित्रा,

वहीचे फोटो पाठवलेस हे फार चांगलं केलंस. नुसतं पत्र असतं तर मला तुझ्या शब्दांवरून अंदाज बांधावा लागला असता. आता तू स्वतःच्या हाताने लिहिलेले आकडे समोर आहेत. काल रात्री मी ती वही दोनदा वाचली. तुझ्या शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरं आधी देतो. भरून यायला मुळात नुकसान झालेलंच नाही, आणि पत्रात लिहिलेल्या एकाही गोष्टीमुळे तू लग्नाला नालायक ठरत नाहीस. मात्र एवढं सांगून थांबलो तर तुझा विश्वास बसणार नाही, हे मी अनुभवाने शिकलो आहे.

दवाखाना नवीन असताना तुझ्याच वयाचा एक मुलगा हीच तक्रार घेऊन आला होता. मी दोन मिनिटांत त्याला तपासलं, "तुला काही झालेलं नाही, जा, मजेत राहा" असं म्हणालो आणि पुढच्या रुग्णाला आत बोलावलं. वर्षभराने तो परत आला तेव्हा बराच वाळला होता आणि हातात तीन प्रकारच्या पुड्या होत्या. त्याला त्रास होत होता आणि मी मात्र तुला काही झालेलं नाही म्हणालो होतो. साहजिकच, जो कोणी त्याचं म्हणणं खरं मानेल त्याच्याकडे तो गेला. ती चूक माझी होती. म्हणून तुला आधीच सांगतो, तुझी धडधड, थकवा आणि कंबरदुखी मी खरी मानतो. फक्त त्यांचं कारण तू जिथे शोधतो आहेस तिथे नाही.

आधी त्या चाळीस थेंबांचा हिशेब करून बघू. गणित सोपं आहे, तूही कागदावर करून पाहा.

एका वेळी बाहेर पडणारं वीर्य साधारण दीड ते पाच मिलिलिटर असतं. आपण तीन धरू. ते छोटा चमचाभरही होत नाही. एका मिलिलिटरचे वीस थेंब धरले तर साठ थेंब झाले. प्रत्येक थेंबाला रक्ताचे चाळीस थेंब म्हणजे दोन हजार चारशे थेंब, अर्थात १२० मिलिलिटर रक्त. तुझ्या वहीत एकसष्ट दिवसांत नऊ रात्री नोंदवलेल्या आहेत. म्हणजे हजार मिलिलिटरच्या वर, एक लिटरहून जास्त रक्त दोन महिन्यांत गेलं असं होईल. माणूस रक्तदान करतो तेव्हा एका वेळी ३५० किंवा ४५० मिलिलिटर रक्त घेतात आणि पुढच्या दानाआधी काही महिने थांबायला सांगतात. तुझं याहून दुप्पट-तिप्पट गेलं असतं तर हिमोग्लोबिनमध्ये ते दिसल्याशिवाय राहिलं नसतं. तूच पाठवलेल्या रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन १४.६ आहे. पुरुषांत ते १३ च्या वर असलं की आम्ही ठीक म्हणतो.

या समजुतीचं आणखी लांबलेलं एक रूप आहे, तेही तुझ्या कानावर आलं असेल. चाळीस थेंब रक्तातून मज्जेचा एक थेंब आणि चाळीस थेंब मज्जेतून वीर्याचा एक. मग वीर्याच्या एका थेंबाला रक्ताचे सोळाशे थेंब लागतात, म्हणजे ८० मिलिलिटर. साठ थेंबांना ४,८०० मिलिलिटर. मोठ्या माणसाच्या अंगात सगळं मिळून रक्त असतं पाच लिटरच्या आसपास. हे खरं असतं तर पहिल्याच रात्री माणूस संपला असता. तू नऊ रात्रींनंतर मला स्वच्छ अक्षरात पत्र लिहिलं आहेस.

रस, रक्त, मांस, मेद, अस्थि, मज्जा आणि शेवटी शुक्र, ही सात धातूंची मांडणी जुनी आहे. शरीर आतून उघडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येत नव्हतं त्या काळात केलेला तो एक विचार होता. चाळीसचा आकडा मात्र केवळ आपल्याकडचा नाही. स्वित्झर्लंडमधल्या तिसो नावाच्या डॉक्टरने १७६० च्या सुमारास असंच लिहिलं की एक औंस वीर्य गेल्याने येणारी दुर्बलता चाळीस औंस रक्त गेल्यापेक्षा जास्त असते. त्याच्या लिखाणाने युरोपातल्या कित्येक पिढ्यांची झोप उडवली. तिकडच्या डॉक्टरांनी ती कल्पना केव्हाच सोडून दिली. आपल्याकडे ती भिंतींवरच्या जाहिरातींतून मोबाइलवर आली.

मग वीर्य बनतं तरी कशाचं? त्यातला सुमारे दोन तृतीयांश भाग मूत्राशयामागच्या शुक्राशय नावाच्या दोन पिशव्यांतून येतो. त्यात फळांतली साखर म्हणतात तशी फ्रुक्टोज असते, शुक्राणूंना इंधन म्हणून. उरलेल्यातला बराचसा भाग प्रोस्टेट ग्रंथीचा. प्रत्यक्ष शुक्राणू असतात दोन ते पाच टक्के. म्हणूनच नसबंदी झालेल्या पुरुषाला स्वतःच्या वीर्यात काही फरक जाणवत नाही, शुक्राणू वगळले तरी पातळ द्रव जवळपास तेवढाच राहतो. हा द्रव लाळेसारखाच ग्रंथींनी पाझरलेला आहे. तोंडात दिवसाला अर्धा लिटर आणि त्याहून जास्त लाळ तयार होते, तिचा कुणी हिशेब ठेवत नाही. तुझ्या नऊ रात्रींचं मिळून वीर्य झालं २७ मिलिलिटर, दोन मोठे चमचेही नाही. त्यात प्रथिनं शंभराला पाच ग्रॅमच्या हिशेबाने दीड ग्रॅमसुद्धा भरत नाहीत. शरीराला एका दिवसाला पन्नास ग्रॅमच्या वर लागतात, आणि तुझ्या वहीत हिशेब आहे दोन महिन्यांचा.

"पण शक्ती, तेज, पुरुषत्व त्यातच असतं ना?" हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक मुलगा विचारतो, तुझ्याही मनात असेल. दाढी-मिशा, आवाजातला बदल, स्नायूंची वाढ हे सगळं टेस्टोस्टेरॉन नावाच्या संप्रेरकामुळे होतं. ते वृषणांत तयार होतं आणि तिथून थेट रक्तात जातं. वीर्याच्या वाटेने ते वाहून जात नाही. वृषणांची ही दोन कामं वेगळी आहेत. रात्री चादर ओली झाली म्हणून रक्तातलं टेस्टोस्टेरॉन आटत नाही.

आता झोपेतल्या त्या घटनेबद्दल. आपण तिला 'स्वप्नदोष' म्हणतो. या शब्दातल्या 'दोष' या दोन अक्षरांनी जेवढी भीती घातली आहे तेवढी कुठल्या आजाराने घातली नसेल, असं मला मनापासून वाटतं. मी दवाखान्यात हा शब्द वापरत नाही, झोपेतलं स्खलन म्हणतो.

रात्रीच्या झोपेत ठरावीक अंतराने एक टप्पा येतो. त्यात बंद पापण्यांखाली डोळे भराभर हलतात आणि बहुतेक स्वप्नं तेव्हाच पडतात. निरोगी पुरुषाला या प्रत्येक टप्प्याबरोबर लिंगाला ताठरता येते, रात्रीतून तीन ते पाच वेळा. मनात काही विचार असो वा नसो, ती येते. तान्ह्या मुलांतही येते, मग वासनेचा संबंध कुठे राहिला? सकाळी जाग येताना जाणवते ती यातलीच शेवटची. वयात आल्यावर कधीकधी अशा वेळी स्खलन होतं. आल्फ्रेड किन्से यांनी अमेरिकेतल्या हजारो पुरुषांच्या मुलाखती घेऊन १९४८ मध्ये निष्कर्ष छापले, तेव्हा दहातल्या आठांहून अधिक पुरुषांनी आयुष्यात कधी ना कधी असं झाल्याचं सांगितलं होतं. कुणाला महिन्यातून एकदा होतं, कुणाला आठवड्यातून दोनदा, कुणाला कधीच नाही. तिन्ही ठीक. तुझ्या नऊ रात्री यात आरामात बसतात. हस्तमैथुन थांबवल्यावर काहींना हे जास्त वेळा होऊ लागतं, तुझंही तसं झालेलं दिसतं.

आणि तू जे 'साठवून' ठेवायला निघाला आहेस ते साठतही नाही. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात, पण कारखाना अखंड चालू असतो, सेकंदाला हजाराच्या घरात नवे तयार होतात. बाहेर न पडलेले जुने शुक्राणू आत विरघळून शरीरात शोषले जातात किंवा थोडेथोडे लघवीबरोबर निघून जातात. मूल होत नाही म्हणून वीर्य तपासायचं असतं तेव्हा आम्ही दोन ते सात दिवसांचं अंतर ठेवायला सांगतो. त्याहून जास्त दिवस थांबलं तर संख्या थोडी वाढते, पण हालचाल मंदावलेले शुक्राणूही वाढतात. साठवण्याने माल मुरत नाही, शिळा होतो.

लघवीतल्या पांढऱ्याची तुला सगळ्यात जास्त धास्ती आहे, कारण ते डोळ्यांना दिसतं. तुझ्या नोंदींत ते दोन प्रसंगी येतं. एक, जेवणानंतरच्या लघवीत शेवटी गढूळ पांढरट धार. हे बहुतेक वेळा फॉस्फेट नावाचे क्षार असतात. जेवणानंतर लघवीची आम्लता काही वेळ कमी होते, तेव्हा हे विरघळलेले क्षार बाहेर पडून खडूच्या पाण्यासारखे दिसतात. प्रयोगशाळेत अशा लघवीत ॲसेटिक आम्लाचे काही थेंब टाकले की ती डोळ्यांदेखत नितळ होते. पू असेल तर होत नाही. तुझ्या लघवीच्या तपासणीत पूपेशी नगण्य आहेत, साखर नाही, प्रथिनं नाहीत. दुसरा प्रसंग शौचाला जोर करताना येणाऱ्या चिकट थेंबांचा. प्रोस्टेट आणि शुक्राशय गुदाशयाच्या अगदी पुढे, भिंतीला भिंत लागून आहेत. मळ कडक असला आणि तू जोर केलास की त्यांच्यावर दाब पडतो आणि थोडा स्राव बाहेर येतो. यावर औषध लागलंच तर बद्धकोष्ठाचं. तू रात्रीचं पाणी पिणं बंद केल्याचं वहीत लिहिलं आहेस. त्याने स्खलन थांबलं नाही, मळ मात्र कडक झाला.

'पातळ' होण्याबद्दल तू अकरा ठिकाणी लिहिलं आहेस. बाहेर पडताना वीर्य दाट, काहीसं गोठल्यासारखं असतं. प्रोस्टेटच्या स्रावातली विकरं ती गाठ पंधरा ते तीस मिनिटांत सोडवतात, कधी तासभरही लागतो, आणि मग ते पाण्यासारखं वाहतं. शुक्राणूंना पोहता यावं म्हणून ही सोय आहे. तू जागा होऊन दिवा लावून बघेपर्यंत तेवढा वेळ गेलेला असतो. तुला दिसतं ते काम नीट झाल्यावरचं वीर्य आहे. जोडीला, दाटपणा बघून शुक्राणूंची संख्या डोळ्यांना कळत नाही, ती सूक्ष्मदर्शकाखालीच मोजावी लागते.

आता वहीकडे येतो, कारण खरं उत्तर तिच्यातच आहे.

एकसष्ट दिवसांत तू अडतीस दिवशी 'अशक्त' लिहिलं आहेस. स्खलनाच्या रात्री नऊ. त्या नऊपैकी आठ रात्रींनंतरच्या सकाळी 'अशक्त' आहे, आणि तू त्यावरच लाल पेनने गोल केले आहेत. पण राहिलेले तीस दिवस बघ. त्यांच्या आदल्या रात्री काहीच झालेलं नव्हतं. त्यांच्यावर लाल गोल नाही. सलग सर्वांत वाईट गेलेला आठवडा तर असा आहे की त्यात एकही स्खलन नाही, आणि त्याच आठवड्यात तू रोज सहा-सात वेळा लघवी एका काचेच्या ग्लासात धरून उजेडात पाहत होतास. कारण वीर्य असतं तर हा आठवडा सर्वांत चांगला जायला हवा होता.

आता त्या नऊ रात्री. जाग येण्याची वेळ तू लिहिली आहेस. तीन, सव्वातीन, पावणेचार. त्यापुढे दर वेळी थोड्याफार फरकाने तेच. खोलीतल्या मुलांना कळू नये म्हणून अंधारात चादर धुतली, परत झोप लागली नाही, सकाळचं काही खाल्लं नाही, वर्गात डोळे मिटत होते. म्हणजे तीन-साडेतीन तासांची झोप, रिकामं पोट आणि पहाटेपासून छातीत धाकधूक. कुणाही माणसाची अशी रात्र गेली तर दुसऱ्या दिवशी अंग मोडून येणारच. चादर कशाने ओली झाली याचा त्यात काही वाटा नाही. त्या नऊतली एक रात्र अशी आहे की सुट्टीत घरी असताना तुला जागच आली नाही, सकाळी कळलं. त्या दिवसापुढे तू लिहिलंस, 'आज त्रास कमी.' मी त्या ओळीवर बराच वेळ थांबलो.

भीती शरीरात काय करते तेही समजून घे. घाबरल्यावर ॲड्रिनलिन रक्तात उतरतं. छाती धडधडते, तळवे घामेजतात, पायांत कापरं भरतं, स्नायू आखडतात. आखडलेले स्नायू दिवसभर तसेच राहिले की कंबर आणि मान दुखते, त्यात तू नऊ-दहा तास एका जागी बसून वाचतोस. लक्षात न राहण्याचं कारणही याच वाटेवर आहे. मनाचा अर्धा भाग 'आज रात्री होईल का' या पहाऱ्यावर असेल तर वाचलेलं आत जाणार कसं? मग आठवत नाही, म्हणून भीती वाढते, म्हणून तपासणं वाढतं. या चक्राला डॉ. नरेंद्रनाथ विग या भारतीय मानसोपचारतज्ज्ञांनी १९६० मध्ये 'धात सिंड्रोम' असं नाव दिलं. वीर्य जाण्याला त्यांनी आजार म्हटलं नव्हतं. वीर्य जातंय या काळजीतून येणाऱ्या खऱ्या त्रासाला दिलेलं ते नाव आहे. एवढी मुलं या तक्रारीने डॉक्टरांकडे येत होती की त्याला स्वतंत्र नाव द्यावं लागलं. खोलीत तू एकटाच जागा असतोस असं तुला वाटतं, पण शेजारच्या पलंगावरचाही कदाचित डोळे मिटून हेच मोजत असेल.

लग्नाची भीतीही याच जागेतून आली आहे. सकाळी ताठरता येते असं तू लिहिलं आहेस. त्या भागाचे रक्तप्रवाह आणि नसा ठीक असल्याची ती चांगली खूण आहे. पण एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो. 'मी आतून पोकळ झालोय' ही समजूत घेऊन कुणी पहिल्या रात्रीला सामोरा गेला तर घाबरल्यामुळे ताठरता जाऊ शकते, कारण ॲड्रिनलिन त्या भागाकडचा रक्तपुरवठा आवळतं. मग त्याला वाटतं, व्हिडिओत सांगितलं तेच खरं निघालं. म्हणून ही गाठ आत्ता सुटलेली बरी.

चूर्ण आजपासून बंद. त्यावर घटक लिहिलेले नाहीत, बनवणाऱ्याचं नाव नाही. अशा पुड्यांत काय असतं हे बाहेरून कळत नाही, हीच त्यांची सर्वांत वाईट बाजू. 'शक्तिवर्धक' म्हणून विकल्या जाणाऱ्या उत्पादनांत ताठरतेसाठीचं सिल्डेनाफिल हे औषध न सांगता मिसळलेलं अनेकदा सापडलं आहे, काही भस्मांत शिसं आणि पारा सापडला आहे. स्टेरॉइड मिसळलेलं असेल तर घेणाऱ्याला सुरुवातीला तरतरी वाटते, पण ते मुरत जातं आणि मग एकदम थांबवणं धोक्याचं ठरतं. तू दीड महिना घेतो आहेस आणि तरतरी किंवा चेहऱ्यावर सूज असं काही लिहिलेलं नाही, तरी ती पुडी फेकू नकोस. जवळच्या एमबीबीएस डॉक्टरला दाखव आणि मूत्रपिंड व यकृताच्या साध्या रक्ततपासण्या करून घे. बंद केल्यावर चक्कर, उलट्या किंवा कमालीचा गळाठा जाणवला तर लगेच जा, दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नको. 'गुप्त' असं नाव लावून बसणाऱ्या कुणाकडेही पुन्हा पाऊल टाकू नको. तो तुझा आजार शोधत नाही, तुझा संकोच विकत घेतो.

त्याच भेटीत थायरॉइड, बी १२ आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्यायला हरकत नाही. थकव्याची ही नेहमीची कारणं आहेत, आणि तुझ्या रिपोर्टमध्ये ती पाहिलेली नाहीत. त्यांतलं काही कमी निघालं तर त्याचा उपचार कर, पण ते वीर्यामुळे कमी झालं असं समजू नको.

वही बंद कर असं मी म्हणणार नाही. म्हटलं तरी तू मनात मोजत राहशील. मी तिचे रकाने बदलतो. चार आठवडे रोज तीन गोष्टी लिही. रात्री स्खलन झालं की नाही. किती तास झोप झाली. आणि संध्याकाळी एका ठरावीक वेळी एक ठरावीक अंतर घड्याळ लावून पळालास त्याला किती मिनिटं लागली. 'अशक्त' हा शब्द लिहायचा नाही, कारण तो तू सकाळी उठल्याउठल्या चादर बघून लिहितोस. घड्याळ चादर बघत नाही. चार आठवडे पूर्ण होईपर्यंत बेरीज करायची नाही. मग स्खलनानंतरच्या दिवसांची सरासरी एका बाजूला आणि इतर दिवसांची दुसऱ्या बाजूला. फरक दिसला तर झोपेचा रकाना बघ आणि सारख्या झोपेचे दिवस एकमेकांशी ताडून पाहा. पळताना मनात भीती असेल तर तीही वेळ वाढवू शकते, म्हणून एकेका दिवसाला फार महत्त्व देऊ नको.

त्याबरोबर ग्लासात लघवी बघणं थांबव. एकदम जमणार नाही. पहिल्या आठवड्यात दिवसातून दोनदा, दुसऱ्यात एकदा, तिसऱ्यात बंद. बघण्याची ऊर्मी आली की दहा मिनिटं थांब आणि काहीतरी दुसरं कर, ती ओसरते. लिंगाला कापड बांधून झोपणं आजच सोड, त्याने स्खलन थांबत नाही आणि रक्तप्रवाह अडून इजा होऊ शकते. पाणी पुरेसं पी. रात्री जाग आली तर कपडे बदल, चादरीवर एक जुना टॉवेल टाक आणि परत झोप. चादर सकाळी थंड पाण्याने धू. गरम पाण्याने प्रथिनं चिकटून डाग पक्का बसतो.

हस्तमैथुनाबद्दल तू थेट विचारलं नाहीस, पण पत्रभर तेच आहे. त्याने अंध होणं, स्मरणशक्ती जाणं, लिंग वाकडं किंवा लहान होणं, मूल न होणं यांतलं काहीही होत नाही. ते करणं सक्तीचं नाही, न करणंही सक्तीचं नाही. तुझ्या श्रद्धेने किंवा आवडीने तू टाळत असशील तर तो तुझा निर्णय, मी त्याचा आदर करतो. भीतीने टाळत असशील तर ती भीती खोटी आहे. अभ्यास, झोप, माणसं सोडून दिवसाचे तास त्यात जाऊ लागले आणि थांबवता येत नाही असं झालं, किंवा त्वचा सोलवटेपर्यंत वेळ आली, तर बोलायला ये. तेव्हाही प्रश्न सवयीचा असेल, वीर्य संपण्याचा नसेल.

डॉक्टरकडे लगेच जावं अशा गोष्टी थोड्या आहेत. लघवीला जळजळ, पिवळसर पूसारखा स्राव, ताप, वीर्यात किंवा लघवीत रक्त, वृषणात गाठ किंवा जडपणा, सकाळची ताठरता बरेच आठवडे अजिबात न येणं, कारण नसताना वजन उतरणं आणि खूप तहान लागणं. वृषणात अचानक जोराची कळ आली तर रात्र असो की दिवस, त्याच तासाला रुग्णालय गाठायचं. तिथे पीळ पडलेला असू शकतो आणि सहा तासांच्या आत तो सोडवला तरच वृषण वाचण्याची शक्यता चांगली असते. यातलं तुला आज काहीच नाही.

महिनाभराने भीती कमी झाली नाही, झोप सुधारली नाही, कशातच मन लागेनासं झालं, तर मानसोपचारतज्ज्ञाला भेट. वेड लागलेल्यांनीच तिथे जायचं असं नसतं. विचारांची ही साखळी कशी तोडायची हे ते काही भेटींत शिकवतात. जोडीला उदासी किंवा चिंता ठरल्यास गोळ्याही देतात आणि त्यांचा उपयोग होतो. जगणंच नको असं कधी वाटलं तर मात्र महिना मोजू नको. त्याच दिवशी जवळच्या माणसाला सांग आणि त्याला सोबत घेऊन डॉक्टरकडे जा. घरात वडिलांना सांगणं अवघड असेल तर मोठा भाऊ, मामा, एखादे सर, कुणीतरी एक असेल. 'मला झोप लागत नाही, छाती धडधडते' एवढं सांगितलंस तरी पुरतं, बाकीचं डॉक्टरसमोर बोल.

तुझ्या वहीत सुट्टीतल्या त्या दिवसाच्या ओळीखाली तू एक प्रश्नचिन्ह काढून नंतर खोडलं आहेस. ते पुन्हा काढ. चार आठवड्यांनी तीन रकान्यांची पानं पाठव, मी बेरीज तपासून देईन.

तुझा,
डॉक्टर काका